घरच्या कृषी सेवा केंद्रात उतरण्याआधी: स्वतःचं काम ठरवून घेण्याचा क्रम

मराठवाड्यात तालुक्याच्या गावांत एक चूक सारखी पाहायला मिळते. पुण्यातली नोकरी सोडून मुलगा आधी घरी येतो आणि दुकानात नेमकं करायचं काय, हे नंतर ठरवू म्हणतो. ते नंतर ठरत नाही. दोन वर्षांनी तो गल्ल्यावर बसलेला असतो, पगार नसतो, घरात पैसे मागावे लागतात, आणि गिऱ्हाईक त्याला ओलांडून विचारतं, "अण्णा कुठं गेले?" व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा असल्यामुळे अशी घरं मी आतून पाहतो. बहुतेक ठिकाणी बाप-लेकांच्या स्वभावात काही खोट नसते. कामाचा क्रमच उलटा लागलेला असतो.

क्रम नीट कळावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मोंढ्याजवळ कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं विकतात. वडील ५८ वर्षांचे, मुलगा २९ चा. त्याचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, चाकणच्या कारखान्यात आहे, हातात ४८,००० येतात. थोरली बहीण लग्न होऊन नांदेडला असते. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण अशा दुकानाचा सांगाडा असाच असतो. मुलाच्या जागी मुलगी असली तरी पायऱ्या याच.

## १. आधी स्वतःचा आकडा काढा

हे एका संध्याकाळचं काम आहे. भाडं, डबा, गाडी, गावी येणं-जाणं धरून पुण्यात ३१,००० खर्च होतात आणि १७,००० उरतात. गावी राहायला घर आहे, जेवण आईच्या हातचं आहे. तरी स्वतःचा खर्च, विमा आणि थोडी शिल्लक धरली तर महिन्याला २०,००० लागतातच. हा झाला तुमचा किमान आकडा. तो कागदावर लिहा, कारण पुढची सगळी बोलणी त्यावर उभी राहणार आहेत.

दोन गोष्टी याच वेळी तपासा. नोकरीला पाच वर्षं व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर तेवढे काढा, म्हणजे ग्रॅच्युइटी बुडणार नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. आई-वडील त्यात असतील तर त्यांची वेगळी पॉलिसी राजीनाम्याआधी सुरू व्हायला हवी, कारण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो.

## २. दुकानाचा खरा हिशेब मागा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. "दुकान चांगलं चाललंय" हा हिशेब नाही. उलाढाल मोठी म्हणजे कमाई मोठी, हा समज तर या धंद्यात हमखास फसवतो, कारण रासायनिक खतात विक्री भरपूर होते आणि सुटतं थोडं.

आपल्या उदाहरणातलं दुकान वर्षाला १ कोटी ६० लाखांचा माल विकतं. सगळा माल मिळून सरासरी ९ टक्के सुटतात, म्हणजे १४ लाख ४० हजार. दोन गड्यांचा पगार २ लाख ८८ हजार. हमाली, भाडं-वाहतूक, वीज आणि किरकोळ मिळून १ लाख ६० हजार. बँकेचं कॅश क्रेडिट सरासरी २५ लाख वापरात असतं, त्यावर ११ टक्क्यांनी २ लाख ७५ हजार व्याज. वर्षाला बुडणारी उधारी दीड लाख. हे सगळं वजा केलं की ५ लाख ६७ हजार राहतात. घरात सगळे याच आकड्याला नफा म्हणतात.

आता दोन खर्च घाला, जे वहीत कधीच पडत नाहीत. वडील सकाळी आठ ते रात्री नऊ दुकानात असतात. त्यांच्या जागी माणूस ठेवायचा म्हटलं तर २५,००० महिना, म्हणजे वर्षाला ३ लाख. गाळा स्वतःचा आहे, पण दुसऱ्याला दिला असता तर १०,००० भाडं आलं असतं, म्हणजे १ लाख २० हजार. हे वजा केल्यावर उरतात १ लाख ४७ हजार. या दुकानात दुसऱ्या माणसाचा पूर्ण पगार आज नाही. किमान २०,००० म्हटले तरी वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. ही गोष्ट राजीनाम्याआधी कळली तर त्यावर उपाय निघतो. नंतर कळली की त्याचं भांडण होतं.

मग उधारीची वही घ्या. या दुकानाची येणी ४६ लाख आहेत. वडील त्यांना "आपले बाहेर असलेले पैसे" म्हणतात. प्रत्येक खात्याचं वय लावा. या हंगामाचे २४ लाख, एक ते तीन वर्षांतले १३ लाख, तीन वर्षांपलीकडचे ९ लाख. उधारीच्या वसुलीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीच्या आत गिऱ्हाइकाने बाकी कबूल करून सही केली किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. म्हणून ते ९ लाख कागदावर आहेत असंच धरा, आणि १३ लाखांच्या खात्यांवर बाकीची सही घेणं हे पहिल्या वर्षाचं काम म्हणून लिहून ठेवा.

तपासा: वडील वही दाखवायलाच तयार नसतील तर पुढची पायरी घेऊ नका. यात अविश्वासाचा प्रश्न नसतो, पुष्कळदा उधारीचा आकडा घरात सांगायला संकोच वाटतो. अशा वेळी दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला मध्ये बसवा. मुलासमोर जे बोलवत नाही, ते त्याच्यासमोर बोललं जातं.

## ३. राजीनाम्याआधी दोनदा दुकानात उभे राहा

सुट्टी गणपतीत किंवा लग्नसराईत घालवू नका. एक आठवडा जूनमध्ये घ्या, मृगाचा पाऊस पडून पेरणीची झुंबड उडते तेव्हा. दुसरा दसरा-दिवाळीच्या मध्ये, सोयाबीन मोंढ्यात येतं आणि वसुली सुरू होते तेव्हा. जूनमध्ये उधार देताना वडील कुणाला हो म्हणतात आणि कुणाला "बघू की" म्हणतात ते पाहा. ऑक्टोबरमध्ये त्यातले कोण स्वतःहून आले आणि कुणाच्या दारात जावं लागलं ते लिहून घ्या. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दुकान कशावर चालतं ते समजतं.

सावधान: या दोन आठवड्यांत काहीही सुधारायला जाऊ नका. संगणक बसवा, उधारी बंद करा, रॅक बदला असं सुरू केलं की पाहायला आलेला मुलगा शिकवायला आलेला होतो.

## ४. कामाचा एक तुकडा निवडा, "सगळं" मागू नका

"मी दुकान बघतो" ही भूमिका होत नाही, कारण ते काम वडील करतच आहेत. तुमच्या तुकड्याला तीन कसोट्या लावा. त्याची विक्री वेगळी मोजता यावी. वडिलांच्या उधारीच्या वहीत तो मिसळू नये. आणि त्यासाठी लागणारं ज्ञान तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त असावं.

आपल्या उदाहरणात औषधांचा विभाग बसत नाही. कीटकनाशकांच्या परवान्याला शैक्षणिक पात्रतेची अट आहे, आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा तिथं चालत नाही. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा 'देसी' डिप्लोमा आहे, आठवड्यातून एक दिवस वर्ग असतात. वडिलांनंतर परवाना कुणाच्या पात्रतेवर चालणार, हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. तेव्हा प्रवेशाच्या अटी जिल्ह्याच्या आत्मा कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा.

या मुलाला शोभणारा तुकडा म्हणजे तुषार आणि ठिबकचं साहित्य, पाइप, फिटिंग आणि पंपाचे सुटे भाग. हरभरा, गहू आणि रब्बी ज्वारीसाठी तुषारची मागणी ऑक्टोबरपासून पुढे असते, म्हणजे खरिपाची गर्दी ओसरल्यावर. जोडणी बिघडली तर शेतावर जाऊन दुरुस्त करणं याला जमतं, वडिलांना जमत नाही. आणि या मालाला उधारीची जुनी सवय लागलेली नाही.

हिशेब असा. पहिल्या वर्षी १८ लाख विक्री, १२ टक्के सुटले तर २ लाख १६ हजार. हंगामात सहा महिने फिटर ठेवायचा, १०,००० प्रमाणे ६०,००० गेले. राहिले १ लाख ५६ हजार, म्हणजे महिन्याला १३,०००. किमान आकड्याला ७,००० कमी पडतात. त्यासाठी दुकानाचं एक ठरावीक काम अंगावर घ्या: उधारीच्या खात्यांची नोंद आणि वसुलीच्या फेऱ्या, मोबदला महिना ८,०००. वर्षाचे ९६,००० झाले, आणि दुकानाकडे खरे १ लाख ४७ हजार उरतात, म्हणजे हे देणं झेपतं. दुसऱ्या वर्षी विक्री २८ लाखांवर गेली तर तुकड्यातूनच महिन्याला २३,००० येतात आणि दुकानाच्या मोबदल्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

भांडवल ५ लाख लागेल: ३ लाख स्वतःच्या बचतीचे, २ लाख वडिलांकडून, लेखी उसने. एवढ्या भांडवलात १८ लाखांची विक्री करायची तर माल हंगामात तीन-साडेतीनदा फिरला पाहिजे. पाचातले दोन लाख उधारीत अडकले तर त्याच वेगाने विक्री अकरा लाखांच्या आतच राहते. म्हणून इथं रोखीचा नियम सोडता येत नाही. मोह कुठून येणार तेही सांगतो. तुषार संचाचं सरकारी अनुदान शेतकऱ्याच्या खात्यावर नंतर जमा होतं, आणि "अनुदान आलं की देतो" हे वाक्य पहिल्याच महिन्यात ऐकू येतं. ते कधी जमा होईल हे तुमच्या हातात नाही. बिलाची पूर्ण रक्कम आधी घ्या.

## ५. बोलणी: कधी, कुणासमोर, कोणत्या क्रमाने

मेमध्ये माल भरायची घाई असते, जून-जुलैत श्वास घ्यायला वेळ नसतो. दिवाळीला पाहुणे जमलेले असतात, आणि चारचौघांत विषय निघाला की वडील घराची अब्रू सांभाळायला बोलतात, हिशेब बाजूला राहतो. चांगला काळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. तूर विकून झालेली असते, वसुली काय आली ते दिसतं, आणि वर्षाचा हिशेब तसाही काढायचा असतो.

आईला आधी सांगा, पण तिला निरोप्या करू नका. नांदेडच्या बहिणीलाही याच आठवड्यात फोन करा. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या मालमत्तेत तिचा मुलाइतकाच हक्क असतो. तुम्ही स्वतःचे ३ लाख घालून उभं केलेलं काम वेगळं आहे, हे तिला आज माहीत असलं तर उद्या पटवून द्यावं लागत नाही.

वडिलांशी बोलताना क्रम असा ठेवा: आधी दुकानाचे आकडे, मग तुमचा तुकडा, मग पैसे, आणि सगळ्यात शेवटी अधिकार. बरेच जण अधिकारापासून सुरुवात करतात आणि पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढतो.

हे वाक्य येणारच, त्याची तयारी ठेवा: "अरे, दुकान तुझंच हाय की. लिहून कशाला पाहिजे?" त्यावर "विश्वास नाही का" या वळणावर जाऊ नका. असं म्हणा: "अण्णा, दुकान तुमचंच राहू द्या. मला फक्त पाइपाचा हिशेब वेगळा द्या. मार्चला तोटा निघाला तर माझा निघू द्या." वडिलांना भीती असते ती बसलेली घडी मोडण्याची. तोटा आपल्या अंगावर घेणाऱ्याला नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरत नाही.

दुसरा अडसर म्हणजे जुनं गिऱ्हाईक. पंधरा वर्षांचा माणूस येतो, पाइप उधार मागतो, आणि वडील "घेऊन जा" म्हणतात. त्यांना अडवू नका, पण नियम आधीच ठरवा: वडील ज्याला उधार देतील ती उधारी त्यांच्या वहीत जाईल, आणि तुमच्या विभागाला दुकानातून त्याच दिवशी रोख मिळेल. गिऱ्हाइकासमोर त्यांचा शब्द राहतो आणि तुमचं भांडवल शाबूत राहतं. एवढा एक नियम मान्य झाला तर अर्धी बोलणी झाली समजा.

सावधान: याच सुमारास कॅश क्रेडिटचं नूतनीकरण असेल तर बँकेचे साहेब "मुलगा आलाय, त्याचीही सही घेऊ" म्हणतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दुकानात तुमचा हिस्सा नसताना ३० लाखांच्या मर्यादेवर सही करणं म्हणजे जोखीम पूर्ण आणि अधिकार शून्य. सही करायची की नाही हे शेवटची पायरी झाल्यावर ठरवा.

## ६. कागद: कोणत्या नात्याने काम करणार

तीन वाटा आहेत. दुकानात पगारावर राहणं सगळ्यात सोपं, वसुलीच्या कामासाठी तेच पुरे. मात्र पगार बँकेतून घ्या आणि कामाला शोभेल एवढाच ठेवा, नातेवाइकाला अवाजवी दिलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून नाकारली जाऊ शकते.

तुकड्यासाठी स्वतःच्या नावाची वेगळी फर्म काढा: वेगळं चालू खातं, वेगळा क्यूआर, वेगळं बिलबुक. केवळ मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हवी असेल तर आधीच घ्यावी लागते. कोणतं फायद्याचं ते हिशेबनीसाकडून काढून घ्या. गाळ्याचा कोपरा वापरता म्हणून वडिलांना महिना हजार-दोन हजार भाडं द्या, पहिल्या महिन्यापासून. ते चौथ्या पायरीच्या हिशेबात खर्च म्हणून धरायला विसरू नका.

तिसरी वाट भागीदारी. ती शेवटी ठेवा. भागीदार फर्मच्या देण्यांना स्वतःच्या मालमत्तेसकट बांधील असतो. कायद्याने तुमच्या प्रवेशाआधीची देणी आपोआप तुमच्यावर येत नाहीत, पण बँकेच्या कागदावर सही केली की ते संरक्षण तिथं संपतं. शिवाय वडिलांच्या एकट्याच्या नावचं दुकान भागीदारीत नेलं की पॅन बदलतो, जीएसटी नव्याने घ्यावी लागते, आणि बियाणं, खतं, औषधं या तिन्ही परवान्यांचं काम कृषी विभागाकडे निघतं. केलीच तर फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या फर्मला उधारीच्या वसुलीसाठी कोर्टात दावा लावता येत नाही, आणि उधारीवर चालणाऱ्या दुकानाला हे परवडणारं नाही.

साध्या कागदावर एवढं लिहा आणि दोघांनी सह्या करा: कोणतं काम कुणाचं, न विचारता किती रकमेची खरेदी करता येईल (उदाहरणार्थ एका वेळी ५०,०००), उधारीचा वरचा नियम, वडिलांचे २ लाख कधी परत, आणि काम बंद केलं तर उरलेला माल कोण कोणत्या भावाने घेणार. शेवटचं कलम लोक अपशकुन म्हणून टाळतात. सह्या होताना सगळ्यांचा मूड चांगला असतो, म्हणून ते तेव्हाच लिहून घ्यावं.

## ७. राजीनामा

तो आता. मार्चमध्ये बोलणी, एप्रिलमध्ये कागद, मग नोटिशीचा काळ पूर्ण करून जुलै-ऑगस्टपर्यंत घरी, म्हणजे ऑक्टोबरच्या मालासाठी कंपन्यांच्या वितरकांशी बोलायला दोन महिने मिळतात. अनुभवपत्र घ्या, पीएफचे पैसे काढू नका, आणि साहेबांशी संबंध नीट ठेवून निघा. परत जावं लागलं तर चाकणमध्ये ओळख लागते.

## ८. पहिलं वर्ष: कशावर नजर ठेवायची

दर महिन्याच्या पाच तारखेला तीन आकडे लिहा: विभागाची विक्री, त्यातली न आलेली रक्कम, आणि दुकानाकडून मिळालेला मोबदला. न आलेली रक्कम भांडवलाच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे ५०,००० वर गेली की नवा माल भरणं थांबवून आधी ती वसूल करा. मोबदला दोन महिने राहिला तर "दुकान अडचणीत आहे" हे ऐकून गप्प बसू नका, वही उघडा. अडचण खरी असेल तर ती कॅश क्रेडिटच्या खात्यात दिसते.

दुसरी खूण माणसांत दिसते. दिवाळीपर्यंत तुषारचा नोजल मागायला आलेलं गिऱ्हाईक तुम्हाला शोधत येत नसेल आणि वडिलांनाच भाव विचारत असेल, तर वडील अजून तुमच्या मालाचे भाव सांगताहेत. यावर भांडून उपयोग नाही. भावाची पाटी लावा आणि वडिलांनी "त्येला इचारा" एवढंच म्हणावं, हे त्यांच्याकडून मागून घ्या.

मार्चअखेर कागद घेऊन पुन्हा बसा. विक्री १२ लाखांच्या खाली असेल तर आणखी भांडवल घालू नका. विक्री कमी झाली ती माल नसल्यामुळे की मागणी नसल्यामुळे, हे आधी वेगळं करा. माल नव्हता तर पैसे उधारीत अडकलेत, आणि वसुली झाल्यावर दुसरा हंगाम करून पाहायला हरकत नाही. मागणीच नसेल तर सह्या केलेल्या कागदातलं शेवटचं कलम वापरा, माल ठरल्या भावाने मोकळा करा, आणि चाकणला फोन लावायचा असेल तर तो एप्रिलमध्येच लावा, जूनच्या गर्दीत अडकण्याआधी.